पहिला भाव, शेवटचा भाव

सोमवार, 18 मे 2009. सकाळचे नऊ वाजून चोपन्न मिनिटं झाली आहेत आणि तुम्ही मुंबईत, फोर्टातल्या एका दलाली पेढीच्या डीलिंग रूममध्ये उभे आहात. शनिवारी लोकसभेचे निकाल लागले. स्थिर सरकार येणार हे कळलं, आणि तेव्हापासून दीड दिवस बाजार बंद आहे. या दीड दिवसात ज्याला ज्याला शेअर घ्यायचे आहेत त्याचं मन ठरून गेलंय. फोन सतत वाजताहेत. तुमच्या शेजारचा डीलर मानेत रिसीव्हर धरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकतोय : "अहो, भाव नका विचारू, मिळेल त्या भावाला घ्या."

पण घेणार कसं? बाजार 9:55 ला उघडतो आणि त्याआधी ऑर्डर ठेवायला जागाच नाही. पडद्यावर शुक्रवारचे बंद भाव गोठून उभे आहेत. देशभरातले लाखो लोक नेमक्या कोणत्या भावाला घ्यायला तयार आहेत, कोण कितीला विकेल, हे कुणालाच दिसत नाही. ते कळण्यासाठी आधी बाजार उघडायला हवा, आणि उघडला की वेळ निघून गेलेली असणार.

9:55. सगळ्यांची बोटं एकदम खाली येतात. ज्याची ऑर्डर सर्वांत आधी पोचली तो पहिल्या विक्रेत्याला भेटतो, आणि त्या एका सौद्याचा भाव त्या शेअरचा त्या दिवसाचा ओपनिंग भाव म्हणून नोंदला जातो. दुसरा सौदा त्याच्या वर, तिसरा आणखी वर. तुम्ही डोळे मिचकावेपर्यंत निर्देशांक दहा टक्क्यांच्या पलीकडे गेलेला आहे आणि अप्पर सर्किट लागून बाजार थांबलाय. दोन तास. 11:55 ला दार पुन्हा उघडतं, पुन्हा तेच होतं, आणि दिवसाचा कारभार तिथंच संपतो. सेन्सेक्स 2110.79 अंकांनी, म्हणजे 17 टक्क्यांहून अधिक चढून 14284.21 वर बंद.

खोलीत टाळ्या वाजताहेत. तुम्ही मात्र मघाच्या त्या पहिल्या सौद्याकडे पाहा. कुणीतरी सवयीनं, नेहमीच्या किरकोळ नफ्यासाठी, विक्रीची ऑर्डर आधीच तयार ठेवली होती. ती पहिली लागली. पुढच्याच क्षणी विकणाऱ्याला त्याच शेअरचे जास्त पैसे मिळाले. दोघांनी विकलेली वस्तू एकच, बातमी एकच, फरक फक्त कोणाची ऑर्डर आधी लागली याचा. आणि नोंदवहीत 'आजचा ओपनिंग भाव' म्हणून कायमचा राहिला तो त्या पहिल्याचा भाव.

हे असंच चालत आलं होतं का, हे पाहायला आणखी वीसेक वर्षं मागं चला.

1988. दलाल स्ट्रीटवरच्या जीजीभॉय टॉवरमधली रिंग. दुपारची वेळ आहे, बाजार सुरू व्हायचा आहे, तरी माणसं केव्हाची येऊन उभी आहेत. प्रत्येक शेअरची रिंगमधली जागा ठरलेली आहे आणि त्या जागेवर त्या शेअरचा जॉबर उभा आहे. दलाल त्याच्याभोवती गोळा झालेत. ऐकू येणारी भाषा बरीचशी गुजराती आहे, मधूनमधून एखाद्या मराठी कारकुनाचा आवाज. जॉबर दोन भाव बोलतो. एका भावाला तो घेईल, दुसऱ्याला देईल, मधला फरक त्याची कमाई.

आता त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा. त्याला कालचा भाव पाठ आहे, पण तो लगेच काही बोलत नाही. समोर घेणाऱ्यांचे हात जास्त आहेत की देणाऱ्यांचे, रोजचा शांत दलाल आज पुढं का घुसतोय, कोपऱ्यातले दोघे काय कुजबुजताहेत, हे सगळं तो टिपतो. चांगली बातमी असली तर तो पहिलाच भाव कालच्यापेक्षा बराच वर बोलेल आणि आपल्या दोन भावांमधलं अंतरही रुंद ठेवेल, कारण अंदाज चुकला तर नुकसान त्याचं. त्याच्या दोन वाक्यांत समोरच्या साऱ्या गर्दीचा अंदाज सामावलेला असतो. तो न्याय्य असेलच असं नाही. रिंगच्या बाहेर, सोलापुरात किंवा नागपुरात बसलेल्या गिऱ्हाइकाला तो तपासताही येत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बारीक अक्षरात छापलेले भाव दिसतात, आणि दलालानं आपल्याला लावलेला भाव त्यांच्या आसपास आहे का एवढंच तो पाहू शकतो. या अंधारात बऱ्याच लोकांचे पैसे गेले.

तरीही रिंगमध्ये एक गोष्ट होती, जी 2009 च्या त्या सकाळी नव्हती. सौदे सुरू होण्याआधी गर्दी एकमेकांना दिसत होती. नोव्हेंबर 1994 मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर शेअरचे व्यवहार पडद्यावरून सुरू झाले, मार्च 1995 मध्ये मुंबई शेअर बाजाराची 'बोल्ट' यंत्रणा आली, आणि रिंग ओस पडली. भाव सगळ्या देशाला एकाच वेळी दिसू लागला, हा फार मोठा फायदा झाला. पण बाजार उघडण्याआधीची गर्दी मात्र दिसेनाशी झाली. कालच्या बंद भावापासून आजच्या पहिल्या सौद्यापर्यंतची उडी आता आंधळेपणानं घ्यावी लागत होती.

ती गर्दी परत आणण्यासाठी सेबीनं 2010 मध्ये नियम केला, आणि 18 ऑक्टोबर 2010 पासून सकाळी 9 ते 9:15 असं लिलावाचं प्री-ओपन सत्र सुरू झालं. सुरुवातीला ते फक्त सेन्सेक्स आणि निफ्टीतल्या शेअरांसाठी होतं, एप्रिल 2013 पासून बाकीच्या शेअरांनाही लागू झालं. ते आतून कसं चालतं हे पाहायला एखादी गाजलेली तारीख नको, साधा दिवस बरा. 2016 सालातला कुठलाही मंगळवार घ्या.

नऊ वाजायला दोन मिनिटं आहेत. तीच डीलिंग रूम, पण फोन कमी झालेत. तुमच्यापुढं एका मध्यम आकाराच्या कंपनीचा शेअर आहे. त्याचं नाव मी मुद्दामच देत नाही, आकडेही समजावण्यापुरते छोटे धरले आहेत. कालचा बंद भाव 400 रुपये. काल संध्याकाळी कंपनीचे तिमाही निकाल आले, अपेक्षेपेक्षा चांगले.

9:00. ऑर्डरी घेणं सुरू झालं. आत्ता ऑर्डर टाकता येते, बदलता येते, मागंही घेता येते, सौदा मात्र एकही होत नाही. भाव कालच्या भावाच्या वीस टक्के वर-खाली एवढ्या मर्यादेतच द्यायचा. कोणी भाव ठरवून लिमिट ऑर्डर टाकतो, कोणी भाव न सांगता मार्केट ऑर्डर. स्टॉप-लॉस ऑर्डरीला इथं जागा नाही, कारण ती जागी व्हायला आधी सौदे व्हावे लागतात.

9:04 पर्यंत वही अशी दिसते. घेणाऱ्यांपैकी 410 रुपयांपर्यंत द्यायला तयार असलेल्यांना मिळून 300 शेअर हवे आहेत. 408 पर्यंत जाणाऱ्यांना 400, 406 पर्यंत जाणाऱ्यांना 600, 404 वाल्यांना 500 आणि 402 वाल्यांना 700. विकणाऱ्यांत 402 ला 200 शेअर द्यायला तयार असलेले आहेत, 404 ला 300, 406 ला 400, 408 ला 500, आणि 410 मिळाले तरच विकू म्हणणाऱ्यांकडे 900 आहेत.

आता प्रत्येक भावाला एकच प्रश्न विचारायचा : या भावाला किती शेअरांचा सौदा पुरा होईल? 402 रुपयांवर घ्यायला सगळेच तयार, पण विकणारे फक्त 200. म्हणजे सौदा 200 चा. 404 वर विकणारे वाढून 500 झाले, सौदा 500 चा. 406 वर विकायला 900 तयार आहेत, आणि घ्यायला 410, 408 आणि 406 वाले मिळून 1300. सौदा 900 चा. 408 वर विकणारे आणखी वाढून 1400 होतात, पण घेणारे 700 च उरतात, म्हणून सौदा 700 वर येतो. 410 वर तो 300 वर घसरतो. सर्वांत जास्त शेअर ज्या भावाला हात बदलतात तो 406, आणि तोच समतोल भाव. तुमच्या पडद्यावर `IEP` या रकान्यात 406 दिसू लागतो, शेजारी 900 ही संख्या, आणि नवी ऑर्डर आली की दोन्ही बदलतात.

इथं क्षणभर थांबा, कारण मला या पद्धतीतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे आहे. 410 द्यायला तयार असलेल्या माणसाला 410 द्यावे लागत नाहीत, 406 च द्यावे लागतात. 402 ला विकायला तयार असलेल्यालाही 406 मिळतात. 2009 मध्ये जो उतावीळ होता त्याला उतावीळपणाची किंमत मोजावी लागत होती. इथं जास्त भाव दिल्यानं रांगेत पुढची जागा मिळते, पैसे सगळे सारखेच देतात. घेणारे 1300 आणि शेअर 900 असल्यामुळे 410 आणि 408 वाल्यांना पूर्ण मिळतील. 406 वाल्यांना 600 पैकी फक्त 200 मिळतील, आणि त्यांच्यात ज्यानं ऑर्डर आधी टाकली त्याचा हक्क आधी.

9:05 ला तुमच्यासमोर एक मोठी ऑर्डर येते. 410 रुपये, 1000 शेअर, खरेदी. आता 408 वर घेणारे 1700 झाले आणि विकणारे 1400, म्हणजे तिथं 1400 चा सौदा शक्य झाला. 410 वर घेणारे 1300, सौदा 1300 चा. 406 तिथंच 900 वर राहिला. इंडिकेटिव्ह भाव क्षणात 408 वर जातो. शेजारचा डीलर आपल्या गिऱ्हाइकाला फोन करतो : "साहेब, वर उघडतोय, थोडा भाव वाढवून देऊ का?" गिऱ्हाइक हो म्हणायच्या आत, 9:06 होता होता, ती 1000 ची ऑर्डर गायब होते. भाव परत 406.

ही ऑर्डरी घेण्याच्या या आठ मिनिटांची दुखरी बाजू. ऑर्डर मागं घ्यायची मुभा आहे, म्हणून केवळ भाव हलवून दाखवण्यासाठीही ऑर्डर टाकता येते. त्यावरचा एक इलाज तुम्हाला लगेच दिसेल. ऑर्डरी घेणं ठीक 9:08 ला बंद होत नाही. 9:07 आणि 9:08 यांच्यामध्ये यंत्रणा कुठल्याही क्षणी दार लावते, आणि तो क्षण आधी कुणालाच माहीत नसतो. शेवटच्या सेकंदापर्यंत खोटी ऑर्डर उभी ठेवून ऐन वेळी काढून घ्यायची असा बेत केला, तर दार आधीच लागून ती ऑर्डर खरीच पुरी होण्याचा धोका असतो. म्हणून अनुभवी डीलर 9:06 पर्यंतच्या इंडिकेटिव्ह भावावर फारसा विसंबत नाही. तो शेवटच्या मिनिटाची वाट पाहतो, आणि भावापेक्षाही त्या भावाला किती शेअर जुळताहेत ते आधी बघतो. निवांत शेअरात भाव पाच टक्के वर दिसतोय आणि जुळणारे शेअर शंभर-दोनशेच आहेत, तर त्या भावाला काही अर्थ नाही.

आता या वहीत शेवटची एक छोटी ऑर्डर पडू द्या. 408 ला 200 शेअरांची खरेदी. तिच्यामुळे 408 वर घेणारे 900 झाले, म्हणजे तिथंही 900 चा सौदा शक्य झाला, आणि 406 वरही 900 चाच. बरोबरी झाली की नियम पुढची पायरी चढतो : कोणत्या भावाला न जुळलेले शेअर कमी उरतात? 406 वर घेणाऱ्यांचे 600 उरतात, 408 वर विकणाऱ्यांचे 500. कमी उरतात 408 वर, म्हणून ओपनिंग भाव 408. तिथंही बरोबरी असती, तर कालच्या बंद भावाच्या जवळचा म्हणून 406 धरला असता. दोनशे शेअरांनी या शेअरचा पहिला भाव दोन रुपयांनी हलवला. हे पाहून अस्वस्थ वाटत असेल तर ते योग्यच आहे. ज्या शेअरात सकाळी हजारांत नाही तर लाखांत ऑर्डरी पडतात तिथं असं सहसा घडत नाही, पण पातळ शेअरात रोज घडू शकतं.

दार लागलं. 9:12 पर्यंत यंत्रणा सौदे जुळवते. आधी लिमिट ऑर्डरी लिमिट ऑर्डरींशी, मग उरलेल्या लिमिट ऑर्डरी मार्केट ऑर्डरींशी, मग मार्केट ऑर्डरी आपापसात. सगळं एकाच 408 रुपयांना. पुढची तीन मिनिटं शांततेची, नेहमीच्या बाजाराकडं वळण्यासाठी राखलेली. उरलेल्या लिमिट ऑर्डरी आपल्या भावानिशी 9:15 च्या रांगेत जातात. न जुळलेल्या मार्केट ऑर्डरींना 408 हा भाव चिकटवून पुढं पाठवलं जातं. ज्या शेअरात एकही ऑर्डर जुळली नाही, त्याचा ओपनिंग भाव जुन्या रीतीनंच ठरतो, म्हणजे 9:15 नंतरच्या पहिल्या सौद्यावरून. अशा शेअराचा ओपनिंग भाव पाहून आलेख वाचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्या आकड्यामागं लिलाव झालेलाच नसतो.

लिलावानं बाजार स्थिर होतो असं मात्र समजू नका. त्यासाठी दुपार होण्याआधी चार वर्षं पुढं जाऊन या. शुक्रवार, 13 मार्च 2020. करोनाची भीती जगभर पसरलीय. सकाळी प्री-ओपन नीट पार पडलं, भाव खाली ठरले, आणि 9:15 नंतर काही मिनिटांतच निर्देशांक दहा टक्के पडून बाजार थांबला. पंधरा मिनिटांच्या लिलावाला ही घबराट पेलली नाही. पण आता 2009 आठवा. तेव्हा थांबलेला बाजार 11:55 ला थेट उघडला आणि पुन्हा सर्किटला आदळला. या वेळी पंचेचाळीस मिनिटांचा विराम झाला आणि मग लगेच सौदे सुरू न करता पुन्हा पंधरा मिनिटांचं प्री-ओपन सत्र घेतलं गेलं, कारण मोठ्या विरामानंतर बाजार लिलावानंच उघडायचा असा नियम मधल्या काळात झाला होता. विकणारे तेच, पण या पंधरा मिनिटांत घेणाऱ्यांनाही वहीत येऊन उभं राहता आलं आणि किती माल येतोय ते दिसलं. बाजार उघडल्यावर तो वर चढत गेला आणि सेन्सेक्स आदल्या दिवसापेक्षा तेराशेहून अधिक अंकांनी वर, 34103.48 वर बंद झाला. हे सगळं श्रेय लिलावाचं नाही, जगातल्या बाकीच्या बातम्यांचाही त्यात वाटा होता. एवढं मात्र खरं, की त्या सकाळी दुसऱ्यांदा दार उघडताना माणसांना एकमेकांचे आकडे दिसत होते.

परत 2016 च्या आपल्या मंगळवारी. दुपारचे तीन वाजताहेत. तोच शेअर, दिवसभर 408 च्या आसपास फिरतोय. आता बंद भाव तयार होणार आहे, आणि तो सकाळच्या रीतीनं तयार होत नाही.

बाजार 3:30 ला बंद होतो, पण बंद भाव म्हणजे 3:30 चा शेवटचा सौदा नव्हे. तीन ते साडेतीन या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची भारित सरासरी म्हणजे बंद भाव. जितके शेअर, तितकं त्या भावाचं वजन. समजा 3:05 च्या सुमारास 1000 शेअर 409 ला गेले, 3:15 ला 3000 शेअर 411 ला, आणि शेवटच्या मिनिटात कुणीतरी घाईनं 1000 शेअर 417 ला उचलले. एकूण रक्कम 20,59,000 रुपये, शेअर 5000. भागाकार केला की 411.80. तुमच्या पडद्यावर शेवटचा भाव 417 चमकतोय, पण उद्याच्या सगळ्या हिशोबांत आजचा बंद भाव 411.80 असणार.

असं का करायचं, हे त्या 417 वाल्याकडे पाहिल्यावर कळतं. दिवसाच्या शेवटच्या भावावर फार गोष्टी टांगलेल्या असतात. म्युच्युअल फंड आपलं त्या दिवसाचं मूल्य बंद भावांवरून काढतात. वायद्यांचा मुदतीच्या दिवसाचा शेवटचा हिशोब बंद भावांशी बांधलेला असतो. निफ्टीचा बंद आकडासुद्धा त्याच्या शेअरांच्या बंद भावांतूनच तयार होतो. शेवटच्या एकाच सौद्यानं बंद भाव ठरत असता, तर थोडेसे शेअर चढ्या भावाला घेऊन कुणीही हा आकडा वळवला असता. आपल्या उदाहरणात 417 वाल्यानं आधीच्या भावापासून सहा रुपये वर उडी मारली, तरी बंद भाव एक रुपया तीस पैशांनीच वर गेला. त्याला खरोखर हलवायचा असेल तर अर्धा तास, मोठ्या संख्येनं, रोख पैसे ओतत बसावं लागेल. ते अशक्य नाही. वायद्याच्या मुदतीच्या दिवशी ज्याचा वायद्यांतला डाव रोख बाजारातल्या नुकसानीहून कितीतरी मोठा असेल त्याला ते परवडूही शकतं, आणि म्हणूनच नियामकाची नजर अशा दिवशी शेवटच्या तासांवर असते.

याच खोलीत दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाची अडचण मात्र वेगळी आहे. तो एका इंडेक्स फंडाच्या ऑर्डरी पाहतो. फंडाला निर्देशांकाइतकाच परतावा द्यायचा असतो. निर्देशांकात नवा शेअर येतो तेव्हा त्याला तो शेअर बरोब्बर बंद भावाला हवा असतो. पण बंद भाव हा सरासरी आकडा आहे. 411.80 ला प्रत्यक्षात कुणी विकलं असेल असंही नाही. तो काय करतो बघा. आपल्या खरेदीचे तुकडे करून अर्धा तास थोडी थोडी घेत राहतो, म्हणजे आपली सरासरी बाजाराच्या सरासरीला चिकटून राहील. मोठी ऑर्डर असली तर त्याच्या स्वतःच्या खरेदीनंच भाव वर सरकतो, आणि फंडाच्या व निर्देशांकाच्या परताव्यात फरक पडतो. फंडात थोडे थोडे पैसे टाकणाऱ्या लोकांच्या खिशातून तो फरक जातो, त्यांना न कळता.

3:40. बाजार बंद झाल्यावरचं वीस मिनिटांचं सत्र सुरू झालंय. बंद भाव आता जाहीर आहे, 411.80, आणि चार वाजेपर्यंत फक्त याच भावाला घेता-विकता येतं. इंडेक्स फंडवाल्याला हेच तर हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. पण समोर कोण येणार? भाव ठरून गेलेला असतो. 417 पाहून गेलेला विक्रेता 411.80 ला द्यायला येत नाही, आणि भाव खाली पडून बंद झाला असेल तर घेणारा येत नाही. वहीत एकाच बाजूला रांग लागते आणि सौदे तुरळक होतात. सकाळच्या लिलावात रांग एका बाजूला वाढली की भाव सरकून दुसऱ्या बाजूला माणसं बोलावतो. इथं भावाला सरकायला जागाच ठेवलेली नाही.

संध्याकाळी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरून दिवसाची भावकॉपी उतरवून घ्या. तेव्हा `cm` नं सुरू होऊन तारीख आणि मग `bhav.csv` असं तिचं नाव असायचं. आपल्या शेअरच्या ओळीवर बोट ठेवा. `OPEN` खाली 408, `CLOSE` खाली 411.80, त्याच्या शेजारीच `LAST` खाली 417, आणि `PREVCLOSE` खाली 400. चार आकडे, आणि त्यांच्यामागं निरनिराळे नियम. `CLOSE` आणि `LAST` यांच्यात मोठं अंतर दिसलं, की शेवटच्या मिनिटांत काहीतरी घडलं असं समजावं आणि त्या मिनिटांतले सौदे उघडून पाहावेत. शेवटच्या अर्ध्या तासात ज्या शेअरात एकही सौदा झाला नाही, त्याच्या बाबतीत दिवसातल्या शेवटच्या सौद्याचाच भाव बंद भाव धरतात. म्हणजे छोट्या कंपन्यांच्या ओळीत दिसणारा बंद भाव कधी कधी सकाळी साडेअकराचाही असू शकतो.

आता शेवटचा मुक्काम, ऑगस्ट 2025. तुमच्यापुढं सेबीचा एक मसुदा आहे, लोकांच्या सूचना मागवणारा. त्यात बंद भावही लिलावानं ठरवावा असं सुचवलंय. सुरुवात ज्या शेअरांचे वायदे होतात त्यांच्यापासून करायची आणि दिवसाच्या अखेरीला सुमारे वीस मिनिटांचं वेगळं सत्र ठेवायचं. आधीच्या सौद्यांच्या सरासरीवरून एक संदर्भ भाव काढायचा, त्याच्या आसपासच्या ठरावीक पट्ट्यातच ऑर्डरी घ्यायच्या, दार अवचित लावायचं, आणि ज्या भावाला सर्वांत जास्त शेअर जुळतील तो बंद भाव.

मसुदा वाचताना त्या दोघांना डोळ्यांसमोर आणा. इंडेक्स फंडवाल्याला अखेर खऱ्या सौद्याचा, आपल्याला प्रत्यक्ष मिळू शकणारा बंद भाव मिळेल, आणि त्याच्या मोठ्या खरेदीची चाहूल लागून समोर विकणारेही येऊन उभे राहतील. 417 वाल्यासाठी मात्र खेळ बदलेल. अर्धा तास पैसे ओतण्याऐवजी त्याला वीस मिनिटांच्या एका वहीशी झुंजावं लागेल. त्या वहीत खरी मागणी आणि पुरवठा भरपूर असला तर तो हरेल. पण सकाळी 408 ला पडलेल्या त्या 200 शेअरांची ऑर्डर आठवा. वही पातळ असली तर एवढ्याशा ऑर्डरीनंही समतोल सरकतो, आणि बंद भावावर ओपनिंग भावापेक्षा कितीतरी जास्त पैसे टांगलेले आहेत. म्हणून संदर्भ भावाभोवतीचा तो पट्टा किती रुंद ठेवायचा, आणि लिलाव चालू असताना न जुळलेली संख्या लोकांना कितपत दाखवायची, याच दोन कलमांशी जास्त वेळ घालवा.